पगार वाढला, व्यवसाय करही वाढला. मग पीएफ का हलला नाही?

पांढुर्णा आणि सौंसर भागातल्या नोकरदारांच्या पगाराबद्दलच्या शंका फिरून फिरून स्लिपवरच्या दोनच ओळींपाशी येतात. एक ओळ व्यवसाय कराची. मध्य प्रदेशात तिलाच वृत्तिकर म्हणतात आणि स्लिपवर ती बहुतेक वेळा ‘पी. टॅक्स’ किंवा नुसती ‘पीटी’ अशी येते. दुसरी ओळ पीएफची. बोरगावच्या कारखान्यात काम करणाऱ्याचे 125 रुपये कापले जातात आणि नागपूरला जाणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याचे, तेवढ्याच पगारावर, 200 कापले जातात. कुणाचे फेब्रुवारीत अचानक 100 रुपये जास्त जातात. कुणाला साडेतीन हजारांची पगारवाढ मिळते, पण पीएफचा आकडा रुपयानेही पुढे सरकत नाही.

या सगळ्या गोंधळामागे एक समज आहे, की दोन्ही कपाती बेसिकवर होतात. तसे नाही. पीएफ बेसिकवर आणि महागाई भत्त्यावर निघतो. व्यवसाय कर मात्र नियमित मिळणाऱ्या एकूण पगारावर ठरतो आणि त्यात बेसिक हा फक्त एक भाग असतो. एवढा फरक नीट कळला, की तुमचा पगार कंपनीने कसा तोडून मांडला आहे, हे या दोन ओळी शेजारी ठेवल्यावर लगेच दिसते.

एक स्लिप समोर ठेवू

समजा, सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात एक ऑपरेटर काम करतो. त्याच्या स्लिपची डावी बाजू अशी:

- बेसिक: 12,000
- घरभाडे भत्ता: 4,800
- प्रवास भत्ता: 1,600
- स्पेशल अलाउन्स: 3,600
- एकूण: 22,000

उजव्या बाजूला कपाती आहेत: पीएफ 1,440 आणि पी. टॅक्स 125. महागाई भत्ता वेगळा दाखवलेला नाही. अनेक खासगी कंपन्या तो बेसिकमध्येच मिसळतात. तुमच्या स्लिपवर तो वेगळा असेल, तर पुढे जिथे ‘बेसिक’ म्हटले आहे, तिथे बेसिक अधिक महागाई भत्ता असे वाचा.

1,440 हा आकडा सरळ आहे. 12,000 चे 12 टक्के. आता 125 कुठून आले ते पाहा. 12,000 ला कशानेही गुणून तुम्हाला हा आकडा मिळणार नाही, कारण तो टक्केवारीचा नाहीच. 22,000 गुणिले 12, म्हणजे वर्षाचे 2,64,000. ही रक्कम सरकारी तक्त्याच्या ज्या टप्प्यात बसते, त्या टप्प्याचा ठरलेला कर 1,500 रुपये आहे. त्याचे बारा हप्ते केले की 125 येतात.

व्यवसाय कर: तुम्ही राहता कुठे, यापेक्षा काम कुठे करता

हा कर राज्य सरकारचा आहे. मध्य प्रदेशात तो 1995 च्या वृत्तिकर अधिनियमाखाली घेतला जातो, तर महाराष्ट्रात 1975 च्या कायद्याखाली. राज्यघटनेच्या कलम 276 ने त्याला वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणूनच लाखभर पगाराच्या मॅनेजरचा आणि पस्तीस हजारांच्या सुपरवायझरचा व्यवसाय कर सारखाच असतो.

मध्य प्रदेशात टप्पे वर्षाच्या पगारावर आहेत:

- 2,25,000 पर्यंत: काही नाही
- 2,25,001 ते 3,00,000: वर्षाला 1,500, म्हणजे महिन्याला 125
- 3,00,001 ते 4,00,000: वर्षाला 2,000, म्हणजे अकरा महिने 166 आणि बाराव्या महिन्यात 174
- 4,00,000 च्या वर: वर्षाला 2,500, म्हणजे अकरा महिने 208 आणि बाराव्या महिन्यात 212

महाराष्ट्रात हिशेब महिन्याच्या पगारावर होतो आणि तिथे स्त्री-पुरुषांसाठी वेगळे टप्पे आहेत. पुरुषाला 7,500 पर्यंत कर नाही, 10,000 पर्यंत 175 आणि त्यापुढे 200. स्त्रियांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसाय करच नाही, त्यापुढे 200. ज्यांचे 200 कापले जातात त्यांचे फेब्रुवारीत 300 जातात. अकरा वेळा 200 आणि एकदा 300 मिळून 2,500 होतात. शंभर रुपये जास्त गेल्याचे कोडे एवढेच आहे. त्यासाठी एचआरच्या दारात उभे राहण्याची गरज नाही.

पांढुर्ण्यासारख्या सीमेवरच्या गावात हा फरक घराघरात दिसतो. वरच्या उदाहरणातले 22,000 रुपये बोरगावात मिळाले, तर वर्षाचा कर 1,500. तोच पुरुष तेवढ्याच पगारावर नागपूरच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत लागला, तर 2,500. आणि त्याच पगारावर त्याची बहीण नागपुरात काम करत असेल, तर शून्य. ती बोरगावात असती, तर तिलाही 1,500 लागले असते, कारण मध्य प्रदेशच्या तक्त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. महिना 18,000 मिळवणाऱ्या पुरुषाला तर हा फरक चांगलाच जाणवतो. सीमेच्या अलीकडे तो पूर्ण माफ, पलीकडे पूर्ण 2,500.

तुमचे आधार कार्ड, मतदान कार्ड आणि घर पांढुर्ण्यात असले, तरी रोज कामाला नागपूर किंवा वरूडला जात असाल, तर महाराष्ट्राचा दर लागू होतो. उलट कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असले, तरी तुमचा कारखाना बोरगावात असेल, तर मध्य प्रदेशचाच दर हवा. दोन्ही राज्यांत एकाच वेळी कर कापला जात नाही.

चूक होते ती इथेच. ज्या कंपनीचा पगार दूरच्या शहरातून निघतो, तिथे कधी कधी सगळ्या शाखांना एकच राज्य लावून टाकतात. ही चूक आकड्यावरून ओळखता येते. स्लिपवर 125, 166 किंवा 208 असेल, तर तो मध्य प्रदेशचा हिशेब. 175, 200 किंवा फेब्रुवारीत 300 असेल, तर महाराष्ट्राचा. आकडा तुमच्या कामाच्या ठिकाणाशी जुळत नसेल, तर नेमणूकपत्रावरचे किंवा बदलीच्या आदेशावरचे कामाचे ठिकाण दाखवून पगार विभागाला लेखी कळवा. ‘जास्त कापले’ अशी मोघम तक्रार करू नका. ‘माझे कामाचे ठिकाण बोरगाव, मध्य प्रदेश आहे, कपात महाराष्ट्राच्या दराने होत आहे’ असे एक वाक्य पुरते.

सीमेवरचे आकडे जपून वाचा

मध्य प्रदेशात टप्पा वर्षावर असल्यामुळे एक वेगळीच भानगड उभी राहते. 2,25,000 भागिले 12, म्हणजे 18,750. ज्यांचा पगार या आकड्याच्या आसपास आहे, त्यांचा कर वर्षाच्या मध्ये सुरू होऊ शकतो. समजा एप्रिल ते सप्टेंबर 18,000 पगार होता आणि ऑक्टोबरपासून तो 20,000 झाला. वर्षाची बेरीज 2,28,000 होते. पहिले सहा महिने रकाना रिकामा आणि मग एकदम कपात दिसू लागली, की माणूस चमकतो. पण वर्षाची बेरीज टप्प्याच्या पुढे गेली आहे, हे त्याचे कारण असते. अशा वेळी कंपनीने वर्षाचा किती पगार धरला आहे, एवढाच प्रश्न विचारावा.

या ओळीतला पैसा परत मिळत नाही. तो राज्याच्या तिजोरीत जातो. आयकराच्या जुन्या पद्धतीत विवरणपत्र भरत असाल, तर भरलेल्या व्यवसाय कराची वजावट मिळते. नव्या पद्धतीत मिळत नाही. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजारांची ही बाब आहे. खरे मोल दुसऱ्या ओळीत आहे.

पीएफ: 12 टक्के खरे, पण कशाचे?

पीएफ केंद्राच्या कायद्याखाली येतो, म्हणून बोरगावात आणि बुटीबोरीत नियम एकच. साधारणपणे 20 किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. तुमच्या बेसिकचे 12 टक्के तुमच्याकडून कापले जातात आणि तेवढेच कंपनी स्वतःच्या खिशातून घालते. काही ठरावीक उद्योगांना आणि छोट्या आस्थापनांना 10 टक्क्यांचा दर लागू आहे, हा अपवाद लक्षात असू द्या.

बेसिक पूर्ण 12,000 असले, तरी पीएफ मिळवलेल्या बेसिकवर निघतो. त्या महिन्यात 30 पैकी 26 दिवसांचाच पगार झाला, तर बेसिक 10,400 धरले जाईल आणि पीएफ 1,248 कापला जाईल. ही चूक नव्हे. ओव्हरटाइमवरही पीएफ निघत नाही, त्यामुळे दिवाळीच्या आधी रात्रंदिवस काम करून एकूण पगार फुगला, तरी पीएफ जागच्या जागी राहतो.

कंपनीचा वाटा मात्र तुमच्या खात्यात एकगठ्ठा येत नाही. त्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 3.67 टक्के पीएफमध्ये. आपल्या ऑपरेटरच्या पासबुकात त्यामुळे तीन आकडे दिसतील: त्याचा वाटा 1,440, कंपनीचा वाटा 440 आणि पेन्शन 1,000. पासबुक पहिल्यांदा उघडणारे बहुतेक जण 440 पाहून कंपनीने फसवले असे धरून चालतात. 440 आणि 1,000 यांची बेरीज करून पाहा. 1,440 झाली, म्हणजे हिशेब बरोबर आहे.

पेन्शनसाठी पगाराची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून महिन्याला 15,000 आहे. म्हणजे पेन्शनमध्ये महिन्याला 1,250 पेक्षा जास्त जात नाहीत. पीएफसाठीही बऱ्याच कंपन्या हीच मर्यादा धरतात. तुमचे बेसिक 28,000 असेल, तर कंपनी 15,000 वरच 1,800 कापू शकते किंवा पूर्ण बेसिकवर 3,360 कापू शकते. दोन्ही नियमात बसते. म्हणून मोठ्या पगाराच्या माणसाच्या स्लिपवर वर्षानुवर्षे 1,800 दिसले, तर लगेच बोट दाखवू नका. 15,000 पेक्षा कमी बेसिक असलेल्याचा पीएफ जागेवरून हलत नसेल, तिथे मात्र थांबून पाहावे लागते.

वाढ नेमकी कुठे घातली?

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या ऑपरेटरला 3,500 रुपयांची वाढ मिळाली आणि एकूण पगार 25,500 झाला. वर्षाची बेरीज 3,06,000. व्यवसाय कर लगेच पुढच्या टप्प्यात गेला आणि 125 चे 166 झाले. पीएफ मात्र 1,440 वरच.

दोन ओळींतली ही विसंगती तुम्हाला काय सांगते? वाढ पूर्णपणे बेसिकच्या बाहेर, बहुधा स्पेशल अलाउन्समध्ये, घातली गेली. व्यवसाय कर एकूण पगाराकडे पाहतो, म्हणून त्याने वाढ टिपली. पीएफ बेसिककडे पाहतो आणि बेसिक जागचे हललेच नाही. हातात येणारी रक्कम जवळजवळ पूर्ण वाढल्यामुळे तेव्हा कुणाची तक्रार नसते, उलट बरेच वाटते. पण ही सोय कामगारापेक्षा कंपनीच्या जास्त कामाची आहे, कारण कंपनीचाही 12 टक्क्यांचा वाटा तिथेच थांबतो.

याला आकड्यांत पाहू. वाढीच्या आधीच्याच स्लिपमध्ये 3,600 चा स्पेशल अलाउन्स बेसिकमध्ये धरला, तर रक्कम 15,600 होते. 15,000 ची मर्यादा लावली, तर पीएफ 1,800 निघतो. म्हणजे तुमच्याकडून 360 जास्त आणि कंपनीकडूनही 360 जास्त. महिन्याला 720, वर्षाला 8,640. त्यातले 4,320 कंपनीचे, जे एरवी तुम्हाला मिळालेच नसते.

पेन्शनवरही परिणाम होतो. पेन्शनचे सूत्र साधे आहे: शेवटच्या 60 महिन्यांचे सरासरी वेतन गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. सरासरी वेतन 12,000 आणि नोकरी 18 वर्षे असेल, तर महिन्याला सुमारे 3,086 रुपये. तेच 15,000 धरले, तर सुमारे 3,857. फरक महिन्याला सुमारे 770 रुपयांचा, आणि तो हयातभराचा.

कंपनीला अशी मांडणी करता येते का?

पूर्ण मोकळीक नाही. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात यावर निकाल दिला. त्यात मध्य प्रदेशातून आलेले सूर्या रोशनी कंपनीचे प्रकरणही एकत्र ऐकले गेले होते. निकालाचा गाभा असा, की जो भत्ता सगळ्यांना सरसकट, दरमहा, नेहमीसाठी मिळतो, तो नाव काहीही दिले तरी पीएफच्या हिशेबात मूळ वेतनाचाच भाग आहे. भत्ता वगळायचा असेल, तर तो जास्त कामाशी किंवा उत्पादनाशी बांधलेला आहे, किंवा सगळ्यांना मिळत नाही, हे मालकाने दाखवायला हवे. घरभाडे भत्ता कायद्यानेच बाहेर ठेवलेला असल्यामुळे तो मोजला जात नाही.

म्हणून तुमच्या स्लिपवरच्या ‘स्पेशल’ भत्त्याला तीन प्रश्न विचारा. तो तुमच्या खात्यातल्या सगळ्यांना मिळतो का? दरमहा तेवढाच मिळतो का? तो कशाबद्दल आहे, हे कुणी सांगू शकते का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

यात आता श्रमसंहितांची भर पडली आहे. त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यांतली वेतनाची व्याख्या सांगते, की घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम यांसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील, तर निम्म्यावरचा भाग परत वेतनात मिळवायचा. उदाहरणार्थ, 22,000 पैकी बेसिक फक्त 8,000 आणि घरभाडे-प्रवास मिळून 14,000 दाखवले, तर निम्म्याच्या, म्हणजे 11,000 च्या वरचे 3,000 बेसिकमध्ये येतात आणि वेतन 11,000 धरले जाते. आपल्या ऑपरेटरच्या स्लिपमध्ये घरभाडे आणि प्रवास मिळून 6,400 च होतात, त्यामुळे त्याला या पन्नास टक्क्यांच्या नियमाचा उपयोग नाही. त्याचा मुद्दा स्पेशल अलाउन्सचाच राहतो. दोन गोष्टींची सरमिसळ करून एचआरकडे गेलात, तर तिथून हात हलवत परत यावे लागेल.

स्लिपवर कापले ते खात्यात गेले का?

वरचा सगळा वाद बेसिक किती धरावे याचा होता. त्याहून गंभीर प्रकार ठेकेदारीच्या कामात आढळतो. स्लिपवर 1,440 कापलेले दिसतात, पण जमा होतात 960. हे पकडण्यासाठी पासबुकातला एकच रकाना पाहायचा: ईपीएफ वेजेस. तुमच्या स्लिपवर बेसिक 12,000 आणि पासबुकात त्या महिन्याचे वेजेस 8,000 असतील, तर ठेकेदाराने कमी पगार दाखवून भरणा केला आहे. कधी दिवस कमी दाखवले जातात. 26 दिवस काम करूनही 17 दिवसांचेच वेतन भरलेले असते.

तपासायचा क्रम असा ठेवा:

1. यूएएन क्रमांक मिळवा. तो स्लिपवर असतो. नसेल तर मागून घ्या. तो आधार आणि चालू मोबाइल नंबरशी जोडलेला असायला हवा.
2. नोंदवलेल्या मोबाइलवरून 7738299899 या क्रमांकावर `EPFOHO UAN MAR` असा एसएमएस पाठवा. UAN हा शब्द जसाच्या तसा लिहायचा, त्या जागी आपला क्रमांक टाकायचा नाही. शेवटच्या MAR मुळे उत्तर मराठीत येते.
3. सविस्तर पाहायचे तर उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या संकेतस्थळावर पासबुक उघडा आणि महिनावार वेजेस स्लिपशी ताडून पाहा.
4. महिन्याची गल्लत करू नका. ऑगस्टच्या पगाराचा पीएफ 15 सप्टेंबरपर्यंत भरायचा असतो. त्याच्या आधी ‘जमा नाही’ म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

स्लिपच मिळत नसेल, तर ती मागणे हा तुमचा हक्क आहे. वेतन संहितेत मालकाने वेतनचिठ्ठी द्यावी, अशी तरतूद आहे. तोवर बँकेत जमा झालेली रक्कम, हजेरी कार्डाचा फोटो आणि नेमणूकपत्र जपून ठेवा. पुढे चौकशी झाली, तर हेच कागद बोलतात.

कंपनीचा वाटा तुमच्याच पगारातून?

‘पीएफचे 24 टक्के कापले’ ही तक्रार नेहमीची आहे. तिच्यात दोन वेगळे प्रकार मिसळलेले असतात. नोकरी देताना कंपनी वर्षाचा एकूण खर्च सांगते आणि त्या आकड्यात स्वतःचा पीएफचा वाटाही मोजते. वरच्या स्लिपमध्ये 22,000 अधिक कंपनीचे 1,440, म्हणजे ‘पॅकेज’ 23,440 चे. ऐकायला मोठे वाटते, हातात तेवढे येत नाही, पण ही मांडणी झाली, कपात नव्हे.

ठरलेल्या 22,000 च्या पगारातूनच 1,440 दोनदा वजा करणे हा मात्र वेगळा प्रकार. पीएफ योजनेच्या परिच्छेद 31 नुसार मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून वसूल करता येत नाही. ‘प्रशासन खर्च’ म्हणून अर्धा टक्का लावत असतील, तर तोही मालकाचाच आहे. स्लिपच्या कपातीच्या बाजूला पीएफची एकच ओळ असायला हवी. दोन दिसल्या, तर त्या स्लिपचा फोटो काढून ठेवा.

तक्रार कुठे आणि कशी

आधी पगार विभागाला लेखी विचारा. ठेकेदाराकडे असाल, तर ज्या कारखान्यात प्रत्यक्ष काम करता, त्याच्या एचआरलाही तीच प्रत द्या. ठेकेदाराने पीएफ भरला नाही, तर मूळ मालकही जबाबदार ठरतो, त्यामुळे हा कागद पोचताच बऱ्याचदा हालचाल सुरू होते. उत्तर आले नाही, तर epfigms.gov.in वर यूएएन टाकून तक्रार नोंदवा. तिथे महिना, स्लिपवरचे बेसिक, कापलेली रक्कम आणि पासबुकातली रक्कम असे चार आकडे एका ओळीत लिहा. लांबलचक गाऱ्हाण्यापेक्षा या चार आकड्यांवर कारवाई लवकर होते. ईपीएफओचे ‘निधी आपके निकट’ शिबिर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात होते. तिथे कागद घेऊन समक्षही बोलता येते.

किती पगारावर पीएफ द्यायला हवा होता, हे पीएफ आयुक्त चौकशी करून ठरवू शकतात. थकलेल्या रकमेवर मालकाकडून वर्षाला 12 टक्के व्याज घेतले जाते. आणि कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा भरलाच नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो.

कोळसा खाणकामगारांसाठी

परासिया पट्ट्यातल्या कोळसा खाणींत काम करणारी, पण घर सौंसर-पांढुर्ण्यात असलेली माणसेही आहेत. त्यांच्या पीएफसाठी कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी ही वेगळी संस्था आहे. त्यांनी वरचा एसएमएस पाठवला, तर काहीच सापडणार नाही, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. व्यवसाय कर मात्र त्यांनाही मध्य प्रदेशच्याच तक्त्याने लागतो.

नोकरी सीमेपलीकडे गेली तर

बोरगाव सोडून बुटीबोरीला लागलात, तर दोन ओळींचे दोन वेगळे व्यवहार होतात. व्यवसाय कर त्या महिन्यापासून महाराष्ट्राच्या दराने सुरू होतो. आधीच्या महिन्यांचा मध्य प्रदेशचा कर तिथेच राहतो, त्याची बदली होत नाही. पीएफचा यूएएन तोच राहतो, फक्त त्याखालचा मेंबर आयडी बदलतो. आधीचा जबलपूरचा असेल, तर तो MPJBP ने सुरू होतो आणि नागपूरचा NGNAG ने. नव्या कंपनीत रुजू होताना पीएफच्या घोषणापत्रात जुना यूएएन लिहा. ‘पहिलीच नोकरी’ या चौकोनात खूण करू नका. ती खूण झाली, तर दुसरा यूएएन निघतो आणि पेन्शनसाठी लागणारी किमान 10 वर्षे दोन तुकड्यांत मोजली जाण्याची पाळी येते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, हे रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी मेंबर पोर्टलवर पाहा. ती रिकामी असेल, तर जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात आणताना अर्ज अडकतो. तारीख जुन्या कंपनीकडून भरून घ्या, किंवा शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले असतील, तर मेंबर पोर्टलवर स्वतः भरा.